मेणबत्ती, ग्लास आणि वर चढणारं पाणी: पाहुणा कुठल्याही वयाचा असो, प्रयोग कसा सांगायचा

प्रश्न: आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीच्या दोन मुलींनी पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून पाणी वर चढवण्याचा प्रयोग घेतला आहे. भाषण त्यांचं तोंडपाठ आहे, पण बघायला पहिलीतली पोरं, पालक, आजी-आजोबा, दुसऱ्या शाळांचे शिक्षक आणि परीक्षक असे सगळेच येणार. मधे कुणी काही विचारलं की दोघी अडखळतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. एकच प्रयोग इतक्या वेगवेगळ्या लोकांना समजावून सांगायची तयारी कशी करून घ्यावी?

उत्तर:

मॅडम, मुलींनी पाठ केलेल्या भाषणात बहुधा असं वाक्य असेल: "मेणबत्ती जळताना ग्लासातला ऑक्सिजन संपतो, हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, म्हणून त्या रिकाम्या जागेत पाणी चढतं." असेल तर तयारीची सुरुवात तिथूनच करा, कारण हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. अडखळण्याचं मूळही मला त्यातच दिसतं. मुलींनी प्रयोग नीट बघण्याआधी उत्तर पाठ केलं आहे, त्यामुळे समोरच्याने वेगळं काही विचारलं की हातात काहीच उरत नाही.

एका दुपारी दोघींना कुणालाही काहीही न सांगता फक्त प्रयोग करू द्या आणि एकच गोष्ट बघायला लावा: पाणी नेमकं कधी चढतं? ऑक्सिजन खर्च झाल्यामुळे चढत असेल तर ज्योत जळत असताना सावकाश चढायला हवं. प्रत्यक्षात ज्योत जळते तोवर पाणी फारसं हलत नाही. काही वेळा तर ग्लासाच्या कडेखालून हवेचे बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. ज्योत मंद होऊन विझते आणि त्यानंतरच्या काही सेकंदांत पाणी झरझर वर येतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मुलींकडे सांगण्यासारखं काहीतरी स्वतःचं असतं.

कारण असं. ग्लास ज्योतीवर उतरवताना आतली हवा तापून फुगते आणि तिच्यातली थोडी कडेने बाहेर निघून जाते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतलं पाणी आत ढकलतो. मेण जळून तयार झालेली वाफ ग्लासाच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी जमते, तिचीही यात भर पडते. ऑक्सिजन खर्च होतो हे खरंच, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय ऑक्सिजन पूर्ण संपतही नाही. बंद जागेत हवेतला ऑक्सिजन साधारण सोळा टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती विझते.

आता वेगवेगळ्या वयांचं. माझ्या अनुभवात लहानांसाठी एक, मोठ्यांसाठी एक आणि परीक्षकांसाठी एक अशी तीन भाषणं तयार केली की मुलं तिन्ही एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा एस.टी.सारखं करा: गाडी एकच, रस्ता एकच, ज्याचा थांबा आला तो उतरेल. प्रयोगाचा क्रम सगळ्यांसाठी तोच ठेवायचा, पाहुण्याची उत्सुकता असेल तिथपर्यंत जायचं. पुढे जायचं ते जड शब्द घालून नाही, पुढची चाचणी दाखवून.

पहिला थांबा सगळ्यांसाठी सारखा आहे. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध मेणबत्ती, हातात ग्लास. मुलीने पहिलं वाक्य प्रश्नाचं बोलायचं: "मी हा ग्लास मेणबत्तीवर ठेवणार आहे, काय काय होईल सांगा." "नमस्कार, माझ्या प्रयोगाचं नाव, साहित्य, कृती" ही सुरुवात पूर्ण गाळा, ते सगळं मागच्या तक्त्यावर लिहिलेलं असतंच. पाहुणा बहुधा म्हणतो, "विझेल." मग विचारायचं, "आणि पाण्याचं?" इथे लोक थांबतात, विचार करतात. त्यांनी काहीही अंदाज सांगितला तरी बरोबर की चूक हे बोलायचं नाही, फक्त "बघू या" म्हणून ग्लास ठेवायचा.

यानंतरची गोष्ट मुलांना सगळ्यात अवघड जाते: गप्प राहणं. मध्यम आकाराच्या ग्लासाखाली छोटी मेणबत्ती जेमतेम दहा-पंधरा सेकंद टिकते. त्या वेळात मुलगी बोलत राहिली तर पाहुणा तिच्या तोंडाकडे बघतो आणि पाणी चढतं तो क्षण हुकतो. म्हणून सरावात पक्कं करा: ग्लास टेकला की तोंड बंद, नजर पाण्यावर. ती जिकडे बघेल तिकडेच पाहुणा बघणार. पाणी चढून थांबलं की पहिला प्रश्न, "पाणी कधी चढलं, ज्योत जळत होती तेव्हा की विझल्यावर?" बहुतेकांनी हे टिपलेलं नसतं. "परत दाखव" असं ते स्वतःच म्हणतात आणि दुसऱ्या वेळी डोळ्यांत तेल घालून बघतात.

पहिली-दुसरीतल्या मुलांचा थांबा इथेच येतो. त्यांच्यासमोर ऑक्सिजन, दाब, आकुंचन यांतला एकही शब्द नको. "आतली हवा गरम होती तेव्हा तिला जास्त जागा लागत होती. गार झाली, तशी ती आवरून बसली. मग बाहेरच्या हवेने पाण्याला आत ढकललं." एवढं पुरतं. ग्लासाने पाणी "ओढलं" हा शब्द मात्र टाळायला सांगा. मोठेही तो सर्रास वापरतात, आणि एकदा ओढलं म्हटलं की पुढे बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंत पोचता येत नाही. लहान मुलांना एखादं काम द्या, म्हणजे चढलेल्या पाण्याच्या पातळीवर स्केचपेनने खूण करायची. प्रदर्शनाचं टेबल त्यांच्या डोळ्यांच्या वर असतं हे आपण मोठे विसरतो, म्हणून पुढे एक ठोकळा किंवा बुटका बाक ठेवा. त्यांना काडेपेटीपासून मात्र लांब ठेवा.

आजी-आजोबांशी बोलताना मुली त्यांना लहान मुलांसारखं समजावू लागतात, ते त्यांना आवडत नाही. त्यांनी हीच गोष्ट घरात कितीतरी वेळा बघितलेली असते, फक्त तिचा या प्रयोगाशी संबंध लावलेला नसतो. गरम भाजी भरून डब्याचं झाकण लगेच लावलं तर गार झाल्यावर ते उघडता उघडत नाही. मुलीने विचारायचं, "आजी, गरम डब्याचं झाकण घट्ट का बसतं?" आणि मग ऐकायचं. जुन्या माणसांपैकी कुणीतरी हमखास सांगेल की बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालायचे आणि तो कसा चिकटून बसायचा. तत्त्व हेच आहे, तेवढं मान्य करायचं. त्याने पोट बरं होतं की नाही या वादात मुलींनी पडू नये.

खरी कसोटी पुढच्या थांब्यावर. कुणीतरी शिक्षक किंवा पालक येणार आणि ठामपणे म्हणणार, "अगं, ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं, आम्हाला शाळेत हेच शिकवलंय." कधी परीक्षकही हेच म्हणतात. इथे सातवीतली मुलगी मोठ्यांना "तुमचं चूक आहे" म्हणू शकत नाही, म्हणूही नये. तिच्याकडे दोन चाचण्या तयार हव्यात आणि एक वाक्य: "सर, मलाही तसंच वाटायचं, म्हणून आम्ही हे करून बघितलं."

पहिली चाचणी तीन मेणबत्त्यांची. तसाच ग्लास, तेवढंच पाणी, पण ताटलीत एकाऐवजी तीन छोट्या मेणबत्त्या जवळजवळ चिकटवलेल्या. करण्याआधी त्यांनाच विचारायचं, "ग्लास तेवढाच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी किती चढायला हवं?" ऑक्सिजनचा हिशेब खरा असेल तर तेवढंच चढायला हवं. प्रत्यक्षात तीन मेणबत्त्या लवकर विझतात आणि पाणी स्पष्ट दिसेल इतकं जास्त चढतं, कारण हवा जास्त तापली आणि सुरुवातीला जास्त बाहेर गेली. दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवले की वाद घालावा लागत नाही.

दुसरी चाचणी ज्योतीशिवायची, आणि मला हीच जास्त आवडते. थर्मासमधलं गरम पाणी ग्लासात भरायचं, अर्धा मिनिट थांबायचं, ओतून टाकायचं आणि ग्लास लगेच रंगीत पाण्यात पालथा घालायचा. मेणबत्ती नाही, जळणं नाही, तरी पाणी चढतं. पाणी उकळतं नको, जाड काच तडकते. ग्लास फडक्याने धरायचा आणि हे काम शेजारी मोठं माणूस असतानाच करायचं.

नववी-दहावीची मुलं आणि परीक्षक यांच्यासाठी याच्या पुढचा थांबा हिशेबाचा आहे. सातवीच्या मुलींनी तो पाठ करू नये, पण वहीत मांडून ठेवावा आणि बोट ठेवून समजावता यावा. मेणबत्तीच्या मेणात अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण असतं. त्यातलं एक घेऊन समीकरण लिहिता येतं:

C₂₅H₅₂ + 38O₂ → 25CO₂ + 26H₂O

म्हणजे ऑक्सिजनचे ३८ भाग खर्च झाले तर कार्बन डायऑक्साइडचे २५ भाग तयार होतात, आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं. आता समजा ग्लास ३०० मिलिलिटरचा आहे. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ वर आला, म्हणजे ५ टक्के खर्च झाला. त्याच्या जागी साधारण ३.३ टक्के कार्बन डायऑक्साइड आला. निव्वळ घट १.७ टक्के, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या ग्लासात जेमतेम ५ मिलिलिटर. कार्बन डायऑक्साइड पाण्यात थोडा विरघळतो, पण त्याला वेळ लागतो, काही सेकंदांत फारसा फरक पडत नाही. मुलींनी मोजलेलं पाणी समजा ३६ मिलिलिटर भरलं, तर उरलेले ३१ कुठून आले? गार होणाऱ्या हवेमुळे आणि पाणी झालेल्या वाफेमुळे. याला आणखी एक ताळा आहे. हवा नुसती गार होऊन १२ टक्के आकसायची असेल तर ग्लास टेकताना तिचं सरासरी तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवं. ज्योतीवरच्या हवेसाठी हा आकडा अजिबात अवास्तव नाही.

तो ३६ मिलिलिटरचा आकडा मोजायचा कसा, हे परीक्षक विचारतातच. पाणी चढून स्थिर झालं की ग्लासावर दोन खुणा करायच्या, एक बाहेरच्या पाण्याच्या पातळीची आणि एक आतल्या पातळीची. ग्लास काढून सरळ उभा करायचा आणि मोजपात्राने आधी आतल्या पातळीच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, मग तिथून दुसऱ्या खुणेपर्यंत. दुसऱ्या टप्प्यात जेवढं पाणी लागलं तेवढं वर चढलं होतं. निमुळत्या ग्लासात पट्टीने उंची मोजून चालत नाही, कारण तोंडाकडे ग्लास रुंद असतो. एका मेणबत्तीचे तीन वेळा, तीन मेणबत्त्यांचे तीन वेळा असे आकडे तारखेसह वहीत हवेत. आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर तसेच ठेवा. सगळे सारखे आकडे बघितले की परीक्षकाला शंका येते. आकडे वेगळे का आले याला मुलींकडे उत्तर असलं तर फार बरं, आणि ते सहसा असं असतं: ग्लास कधी झटकन ठेवला, कधी ज्योतीवर जरा वेळ धरून मग टेकवला. तोच फरक मुद्दाम करून बघितला की तीही एक चाचणी होते. जास्त वेळ वर धरलेल्या ग्लासात पाणी जास्त चढतं.

आता प्रदर्शनाच्या दिवशी हमखास काय बिघडतं ते सांगतो, कारण प्रयोग फसला की भाषण कितीही चांगलं असो, मुली गांगरतात.

सगळ्यात जास्त वेळा होणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मेणबत्ती लगेच विझते. ग्लासात आधीची वापरलेली हवा राहिलेली असते आणि काचही ओली असते. ग्लास कोरड्या फडक्याने पुसून हवेत दोन-चार वेळा हलवायचा. गर्दीत एवढी फुरसत नसते, म्हणून एकाच मापाचे चार ग्लास फिरते ठेवा. गरम झालेल्या ग्लासाला गार व्हायलाही वेळ मिळतो. दुसरं, ग्लासाची कड ताटलीला घट्ट चिकटते आणि पाणी आत जायला वाट राहत नाही. कडेखाली दोन नाणी ठेवली की प्रश्न सुटतो. तिसरं, ताटलीत पाणी कमी पडतं. पाणी चढताना बाहेरचं संपलं तर हवा गुडगुड करत आत जाते आणि चढलेली पातळी खाली येते. बघणाऱ्याला वाटतं प्रयोगच उलटा झाला. नाणी पूर्ण बुडून वर बोटभर पाणी राहील अशी खोल ताटली घ्या, आणि दर दोन-तीन वेळांनी पाणी बघा.

मेणबत्ती वाढदिवसाच्या केकवरची घ्या, पण आखूड करून. ज्योत ग्लासाच्या तळापासून लांब हवी, नाहीतर काजळी धरते आणि काच तडकण्याची भीती. ती वितळलेल्या मेणाने किंवा खेळायच्या चिकणमातीने ताटलीला पक्की करा, नाहीतर पाण्यात तरंगून आडवी होते. पाण्यात निळी शाई किंवा खायचा रंग, लांबून पातळी दिसण्यापुरता. टेबलावरचा पंखा बंद हवा, हे आयोजकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण त्या दिवशी उकाड्यात कुणी ऐकत नाही. वेण्या मागे बांधलेल्या, ओढणी असेल तर पिन लावलेली, काडेपेटी एकीच्याच ताब्यात आणि जवळ पाण्याची बादली. विझलेल्या काड्यांसाठी वाळू घातलेला डबा.

दोघींत कामं वाटून द्या. एक हाताने करणार, दुसरी बोलणार, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. हाताने करणारीने मधे बोलायचं नाही, एवढा एकच नियम. दोघी एकाच वेळी बोलल्या की पाहुणा कुणाकडे बघायचं या गोंधळात पडतो. अदलाबदलीमुळे आवाजही टिकतो. दिवसभर गोंगाटात ओरडून बोललं की दुपारी घसा बसतो.

मिश्र घोळका आला, म्हणजे आजी, बाबा आणि हात धरलेलं पोर, तर पोराशी बोलायचं. मोठे शेजारी उभे राहून ऐकतात आणि त्यांना कमीपणाही वाटत नाही. पोराचं समाधान झालं की बाबांकडे वळून तीन मेणबत्त्यांचा प्रश्न टाकायचा. प्रयोग अर्ध्यावर असताना नवा माणूस आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. आधीपासून उभ्या असलेल्यांपैकी कुणाला तरी "काय झालं ते यांना सांगाल का?" म्हणायचं. त्यांनी सांगितलेल्यात चूक असेल तर मुलींना कळतं की त्यांचं बोलणं कुठे नीट पोचलं नाही.

सरावासाठी तक्त्यासमोर उभं करून भाषण म्हणवून घेऊ नका. शाळेतच माणसं आहेत: पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, कारकून, पहिलीचा वर्ग, आणि दहावीतलं एखादं हट्टी पोर ज्याला वाद घालायला आवडतं. प्रत्येकासमोर एकदा प्रयोग करायला लावा आणि नंतर मुलींना नाही, त्या माणसाला विचारा, "काय कळलं?" मावशींनी "ऑक्सिजन संपला" असं उत्तर दिलं तर कुठेतरी जुनं वाक्य परत घुसलं आहे. हातात चिठ्ठी द्यायचीच असेल तर वाक्यं लिहू नका, फक्त चार प्रश्न क्रमाने लिहा: काय होईल? पाणी कधी चढलं? तीन मेणबत्त्या लावल्या तर? मेणबत्तीच नसेल तर? मधे कुणी अडवलं तर त्याचं उत्तर देऊन पुढच्या प्रश्नावर यायचं, सुरुवातीला परतायची गरजच पडत नाही.

न येणारा प्रश्न येणारच. "मेण म्हणजे काय?", "विमानात केला तर?", "ज्योत पिवळी का?" अशा वेळी "माहीत नाही" म्हणायला हरकत नाही, पण त्याला जोडून "हे असं करून बघता येईल" असं एखादं वाक्य सुचलं तर बघा. नाही सुचलं तर प्रश्न वहीत लिहून घ्यायचा, विचारणाऱ्यासमोरच.

एकवीस टक्क्यांचा आकडा ज्यांना सोडवत नाही त्यांच्यासाठी टेबलाच्या कोपऱ्यात आणखी एक मांडणी ठेवता येईल, पण ती आदल्या दिवशी करावी लागते. रंगाच्या दुकानात मिळणारं बारीक लोखंडी स्टील वूल घ्या. भांडी घासायची तारेची घासणी चालत नाही, ती बहुधा गंजत नाही. तेलकटपणा जाण्यासाठी ते व्हिनेगरमध्ये भिजवून झटका, उंच परीक्षानळीच्या तळाशी पडणार नाही असं घट्ट बसवा आणि नळी पाण्यात पालथी उभी करा. लोखंड गंजताना ऑक्सिजन खरोखर हवेतून काढून घेतं आणि त्याच्या बदल्यात कुठलाही वायू देत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नळीच्या साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत चढून थांबतं. सुरुवातीची पातळी नळीवर लिहून ठेवा, वेळ घाला आणि ती नळी कुणी उचलून बघणार नाही अशी मागे ठेवा. एकदा उचलली की पुन्हा एक दिवस थांबावं लागतं.